श्वासाच्या मापाचं वाक्य

बाळा, योगवर्गाच्या दोन भाषांतल्या ध्वनिमुद्रित सूचना लिहायच्या म्हणून लगेच कागद-पेन घेऊन टेबलाशी बसू नकोस. आधी रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या एखाद्या माणसाला सतरंजीवर उभं कर, मोबाइलचं स्टॉपवॉच लाव आणि तो आपल्या नेहमीच्या गतीने नमस्कार घालत असताना कुठला श्वास केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला, एवढंच टिपून घे. हे माप स्वतः बोलता बोलता काढता येत नाही. आपण बोलतो ते श्वास सोडतानाच. म्हणजे माइकसमोर बसून ‘श्वास घ्या’ म्हणणारा माणूस त्या क्षणी श्वास सोडत असतो. त्याच्या आणि वर्गाच्या श्वासाचा मेळ बसणं शक्य नाही. म्हणून वेळ नमस्कार घालणाऱ्याकडून घ्यायची आणि शब्द त्या वेळेत बसवायचे.

मी तुला सूर्यनमस्काराचंच उदाहरण देते, कारण तिथे चुकायला जागा नाही. ताडासनात किंवा वृक्षासनात माणूस दोन-चार श्वास थांबतो. तुझं वाक्य थोडं लांबलं तरी निभावतं. नमस्कारात एका हालचालीला एकच श्वास, आणि तो संपला की पुढची हालचाल दारात उभी. हे लिहायला जमलं की बाकीचा वर्ग लिहायला अवघड जात नाही.

पहिलं काम म्हणजे कुठल्या पद्धतीचा नमस्कार हे ठरवून टाक. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा प्रसार केला त्या नमस्कारात दहा स्थिती आहेत. त्यांचं 1938 साली लंडनला निघालेलं इंग्रजी पुस्तकसुद्धा नावातच ‘टेन-पॉइंट’ म्हणतं. आज बहुतेक वर्गांत बारा स्थिती शिकवतात. त्यातही एक मेख आहे. चौथ्या स्थितीत उजवा पाय मागे गेला, तर नवव्या स्थितीत कुठला पाय पुढे यायचा? काही ठिकाणी तोच उजवा पुढे आणतात, काही ठिकाणी डावा. दोन्ही रीती रुळलेल्या आहेत. पण अर्धा मजकूर एका पुस्तकातून आणि अर्धा दुसऱ्यातून उचललास, तर अख्खा वर्ग नवव्या स्थितीत अडखळेल. मी पुढे जी मांडणी सांगते ती बारा स्थितींची आहे आणि तिच्यात मागे गेलेलाच पाय आधी पुढे येतो. तुझ्या वर्गाची रीत वेगळी असेल तर ती लिही. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेव.

आता वाक्याकडे येऊ. बहुतेक मराठी शिक्षक बोलतात तसं एक वाक्य घे: ‘आता आपण हळूहळू श्वास घेत घेत दोन्ही हात वर नेणार आहोत.’ समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगायला हे छान वाक्य आहे. आता ते शांत सुरात म्हण आणि घड्याळ बघ. पाच-सहा सेकंद गेले. श्वासाचा उल्लेख दीड-दोन सेकंदांनी आला, ‘वर’ तर अगदी शेवटाकडे. ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळेपर्यंत ज्या श्वासात ते करायचं होतं तो भरून संपलेला असतो. मग तो छातीत अडकलेल्या श्वासावरच हात उचलतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते सुरुवातीलाच येतं, म्हणून इंग्रजी सूचना आपसूक वेळेवर पडते आणि तिचं शब्दशः मराठी केलं की तीच सूचना मागे पडते. उपाय सोपा आहे. पूर्ण वाक्याचा हट्ट सोड. ‘श्वास घ्या. हात वर.’ क्रियापद श्वासाला दे, हातापायांना नुसती दिशा पुरते.

पण इतकं तोडून बोललं की ऐकणारा दचकतो, कारण पुढे काय येणार याचा त्याला अंदाज नसतो. म्हणून प्रत्येक हालचालीचे दोन तुकडे लिही. एक चाहूल आणि एक सूचना. चाहूल आधीच्या श्वासाच्या शेपटाला लागते, शेवटच्या सेकंद-दीड सेकंदात. सूचना नव्या श्वासाच्या अगदी तोंडाशी पडते. त्यानंतर गप्प बसायचं. ही गप्प राहण्याची जागा कागदावर लिहून ठेव, नाहीतर वाचणारा कलाकार ती गिळून टाकतो.

एक अर्धा नमस्कार मांडून दाखवते. समज, तू मोजलेल्या माणसाचा एकेक श्वास पाच सेकंदांचा भरला, घेण्याचाही आणि सोडण्याचाही. सुरुवातीला तो हात जोडून उभा आहे आणि श्वास सोडतो आहे. चौथ्या सेकंदाला चाहूल: ‘हात वर जातील.’ पाचव्याला: ‘श्वास घ्या. हात वर, थोडे मागे.’ याला दोन-अडीच सेकंद लागतात. मग शांतता. नवव्या सेकंदाला ‘आता खाली’, दहाव्याला ‘श्वास सोडा. कमरेतून वाका.’ चौदाव्याला ‘उजवा पाय’, पंधराव्याला ‘श्वास घ्या. उजवा मागे, नजर समोर.’ इथे चाहुलीत पायाचं नाव आलंच पाहिजे. डोकं खाली असलेल्या माणसाला उजवं-डावं ठरवायला क्षणभर जास्त लागतो, आणि श्वास सुरू झाल्यावर ते ठरवायला त्याला वेळ उरत नाही. यापुढच्या चाहुलीही अशाच एक सेकंद आधी धर, मी आता नुसत्या सूचना सांगते. विसाव्याला ‘श्वास सोडा. डावाही मागे, कंबर उंच.’

पंचविसाव्या सेकंदाला सहावी स्थिती येते, साष्टांग. लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. श्वास पाचव्या स्थितीत सोडून झाला आहे आणि बारा स्थितींच्या पद्धतीत इथे तो बाहेरच ठेवायचा असतो. म्हणजे रिकाम्या छातीने माणूस गुडघे, छाती आणि हनुवटी टेकवतो. सवय नसलेल्याला हे पाच सेकंद जमत नाही. दोन-तीन सेकंदांत त्याला श्वास हवासा वाटतो. तरीही लिहिणारे नेमकं इथेच लांबण लावतात, कारण आठ अंगांची नावं सांगायचा मोह होतो: दोन पाय, दोन गुडघे, दोन तळहात, छाती, हनुवटी. ते सगळं नमस्कार सुरू होण्याआधी, उभं असताना सांगून टाक. वेळेवर फक्त ‘गुडघे, छाती, हनुवटी.’ हा क्रमही शरीराच्या क्रमाने आहे. गुडघे आधी टेकले की हातांवर भार कमी येतो. या स्थितीला तीन सेकंदच दे. नवशिक्यांच्या किंवा वयस्कर लोकांच्या ध्वनिमुद्रणात तर श्वास बाहेर ठेवायला मी सांगतच नाही, ‘उरलेला श्वास सोडत टेका’ एवढंच लिहिते. रक्तदाब जास्त असलेल्यांना श्वास रोखायला लावू नये, हे तर तुला कुठलाही शिक्षक सांगेल.

अठ्ठाविसाव्याला ‘श्वास घ्या. छाती वर.’ भुजंगासन. इथे सूचना जरासुद्धा उशिरा येऊन चालत नाही. मागे श्वास थांबलेला होता, त्यामुळे माणूस तुझी वाट बघत नाही, तो आपणच श्वास ओढतो. तेहतिसाव्याला ‘श्वास सोडा. कंबर उंच.’ अडतिसाव्याला ‘श्वास घ्या. उजवा पुढे, हातांच्या मध्ये.’ त्रेचाळिसाव्याला ‘श्वास सोडा. डावा पुढे, कमरेतून वाकलेले.’ अठ्ठेचाळिसाव्याला ‘श्वास घ्या. हात वर.’ त्रेपन्नाव्याला ‘श्वास सोडा. हात छातीशी.’ अठ्ठावन्नाव्या सेकंदाला अर्धा नमस्कार झाला. डावी बाजू सुरू करण्याआधी एक मोकळा श्वास ठेव आणि त्यात काहीही बोलू नकोस. दोन्ही बाजू मिळून सव्वादोन मिनिटांच्या आत काम होतं.

नवव्या स्थितीत पाय पुढे आणताना सगळ्यांचा पाय एका झेपेत हातांच्या मध्ये येत नाही. वयस्कर लोक तो दोन टप्प्यांत ओढून आणतात. तुझा श्रोता तसा असेल तर तिथे पाचाऐवजी सात सेकंद धर. हे टेबलावर कळत नाही. सतरंजीवर उभ्या केलेल्या माणसाकडे बघूनच कळतं, म्हणून मी त्याचा एवढा आग्रह धरला.

आता शब्दांची एक बाब, जिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. आपल्याकडे ‘घ्या’ आणि ‘सोडा’ ही क्रियापदं सगळीकडे चालतात. हात वर घ्या, पाय मागे घ्या, खांदे सैल सोडा, मान खाली सोडा. बोलताना काहीच बिघडत नाही. पण तिसऱ्या स्थितीत, श्वास सोडत पुढे वाकत असलेल्या माणसाच्या कानावर ‘डोकं गुडघ्यांजवळ घ्या’ पडलं, तर त्याची छाती ‘घ्या’ ऐकून आत ओढली जाते. हे तो ठरवून करत नाही. सूचनेची सवय लागली की शरीर नुसत्या क्रियापदाला उत्तर देतं. म्हणून माझा नियम असा, की संपूर्ण मजकुरात ‘घ्या’ आणि ‘सोडा’ फक्त श्वासाला. हातापायांना न्या, आणा, ठेवा, टेका, उचला, वळवा, सैल करा. मजकूर लिहून झाला की या दोन शब्दांवर लाल पेनाने गोल कर आणि श्वासाशिवाय कुठे आले असतील तर बदल.

इंग्रजीतही असाच एक फसवा शब्द आहे, होल्ड. आसनात थांबा या अर्थाने म्हटलेलं ‘होल्ड’ ऐकून निम्मे लोक श्वास धरून बसतात. त्याऐवजी ‘स्टे हिअर, कीप ब्रीदिंग’ लिही. मराठीत ‘थांबा’ म्हटल्यावरही काही जण श्वास थांबवतात, तेव्हा ‘इथेच राहा, श्वास चालू’ बरं. आणि ‘इनहेल’, ‘एक्सहेल’ हे दोन शब्द मी मुद्रणात टाळते. दोन्हींचा शेवट सारखाच कानावर पडतो. पर्वतासनात डोकं खाली, कानावर दंड, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अशा वेळी ऐकू येतं ते नुसतं ‘हेल’. ‘ब्रीद इन’, ‘ब्रीद आउट’ मध्ये शेवटचा शब्द वेगळा आहे आणि आवाजाचा जोरही त्याच्यावरच येतो. ‘घ्या’ आणि ‘सोडा’ तर दुरूनही वेगळे कळतात.

वाचणाऱ्यालाही सांगून ठेव, ‘घ्या’ किंचित चढत्या सुरात आणि ‘सोडा’ उतरत्या. सोडा हा शब्द थोडा लांबवला तरी चालतो, घ्या लांबवू नये.

दोन भाषांचं काय करायचं, हा तुझा मूळ प्रश्न. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या घरात आजी-आजोबा मराठीवर चालतात आणि नातवंडांना इंग्रजी लागतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आता हेच आहे. पहिल्यांदा सुचतं ते असं, की प्रत्येक सूचना आधी मराठीत आणि लगेच इंग्रजीत द्यावी. ‘श्वास घ्या, हात वर, ब्रीद इन, आर्म्स अप.’ करून बघ. चार-पाच सेकंद नुसते बोलण्यात गेले, चाहुलीला जागा उरली नाही, शांतता तर नाहीच. त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी ‘ब्रीद इन’ येतं तेव्हा मराठी ऐकणाऱ्याचा श्वास निम्मा भरलेला असतो आणि इंग्रजी ऐकणारा तेव्हा सुरू करतो. एका खोलीत दोन श्वास चालतात आणि मुलं आजीच्या एक पाऊल मागे पडत जातात. गती निम्मी करून जागा करावी म्हटलं तर दहा-दहा सेकंदांचा श्वास बहुतेकांना पेलत नाही.

उजवी बाजू मराठीत आणि डावी इंग्रजीत असंही काही जण करतात. मला ते पटत नाही. पायाचं नाव हीच या सगळ्यातली सर्वात नाजूक सूचना आहे, आणि या मांडणीत प्रत्येकाला फक्त एकाच पायाची सूचना आपल्या भाषेत मिळते.

मला पटलेली रीत अशी. सुरुवातीला, सगळे हात जोडून उभे असताना, श्वास मोकळा असताना, दोन्ही भाषांत सविस्तर बोलून घे. इथे घाई नाही, दोन-तीन मिनिटं घे. स्थिती समजावून सांग, ज्यांनी करू नये त्यांना सांग: गर्भवती, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले, मणक्याचा त्रास असलेले, यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि इंग्रजीतून एक खास वाक्य टाक: ‘घ्या मीन्स ब्रीद इन, सोडा मीन्स ब्रीद आउट.’ मुलांना हे दोन शब्द सहज येतात. मग पहिला पूर्ण नमस्कार, दोन्ही बाजूंसकट, मराठीत. मुलं या वेळी आजी-आजोबांकडे बघून करतात. दुसरा पूर्ण नमस्कार इंग्रजीत: ‘ब्रीद इन, आर्म्स अप. ब्रीद आउट, फोल्ड. ब्रीद इन, राइट फुट बॅक. ब्रीद आउट, लेफ्ट फुट बॅक, हिप्स हाय. नीज, चेस्ट, चिन. ब्रीद इन, चेस्ट अप.’ सेकंद तेच, चाहुलीच्या जागा त्याच, पायांचा क्रमही तोच. मराठी ऐकणाऱ्यांनी हा क्रम आत्ताच केलेला असतो, त्यामुळे त्यांना शब्द कळले नाहीत तरी शरीर चुकत नाही. तिसऱ्या नमस्कारापासून हातापायांचे शब्द काढून टाक. फक्त ‘घ्या’ आणि ‘सोडा’, आणि चौथ्या व नवव्या स्थितीआधी पायाचं नाव: ‘उजवा, राइट.’ हे दोन शब्द एका चाहुलीत बसतात. एवढीच जागा आहे जिथे दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या तरी श्वासाला धक्का लागत नाही.

म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीत शिक्षक असंच मोजकं बोलतात: ‘एकम् इनहेल, द्वे एक्सहेल.’ संस्कृत आकडा आणि श्वास, बस. कुठल्याही देशातला वर्ग त्याच्यावर चालतो. पण तिथे येणाऱ्याला स्थितींचा क्रम पाठ असतो, आणि समोर उभा असलेला शिक्षक वर्गाकडे बघून आकडा म्हणतो. तुझ्या मुद्रणाला डोळे नाहीत, म्हणून पहिले दोन नमस्कार सविस्तर लागतात. उलट बाजूला अय्यंगारांची पद्धत आहे. तिच्यात आसनात बराच वेळ राहून टाच, गुडघा, खांदा यांच्या बारीक सूचना मिळतात. त्या मोलाच्या आहेत, पण त्या उभ्या आसनांच्या भागात ठेव. भुजंगासनाच्या पाच सेकंदांत ‘कोपर शरीराशी, खांदे कानांपासून दूर, नाभी जमिनीकडे’ असं कोंबलंस, तर ऐकणारा ऐकत राहतो आणि श्वास विसरतो.

मुद्रण झाल्यावर संपादनात एक पथ्य. वाक्य उशिरा पडत असेल तर वाक्य वेगाने वाचून घेऊ नकोस, ते पुढे सरकव. दोन सूचनांमधली शांतता कमी-जास्त करायला तू मोकळी आहेस, बोलण्याची गती मात्र तीच राहू दे. घाईचा आवाज ऐकला की माणसं श्वासही घाईने घेतात. मागे संगीत लावणार असशील तर ठेका नसलेलं लाव, तानपुऱ्यासारखं. ठेका असला की लोक श्वासाऐवजी ठेक्यावर वाकतात.

मग ते मुद्रण कधीच न ऐकलेल्या तिघा-चौघांना लावून दे. तू बाजूला उभी राहा, पुढे नको, नाहीतर ते तुझ्याकडे बघून करतील. कोणी मान वर करून इकडेतिकडे बघितलं तर त्याच्या आधीची चाहूल चुकली आहे किंवा राहिली आहे. भुजंगासनात जाताना श्वास ओढल्याचा आवाज आला तर साष्टांग लांबलं आहे. हात वर पोचून माणूस नुसता उभा राहिला, आणि ‘सोडा’ यायला अजून वेळ आहे, तर तुझा श्वास त्याच्यापेक्षा मोठा आहे. असं एकाचं झालं तर सोडून दे, सगळ्यांचं झालं तर सेकंद कमी कर. श्वास प्रत्येकाचा वेगळा असतो आणि मुद्रण थांबून कोणाची वाट बघू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या मोकळ्या भागात दोन्ही भाषांत हेही सांग, की तुमचा श्वास आधी संपला तर मध्ये एक जादा श्वास घ्या आणि पुढच्या सूचनेला येऊन मिळा.

शवासनाचा भाग लिहिताना मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेव. तिथे घ्या-सोडा नको, ब्रीद इन-ब्रीद आउटही नको. इतका वेळ या शब्दांवर शरीर हललेलं असतं, ते ऐकताच पुन्हा सावध होतं. ‘श्वास चालला आहे तसा चालू द्या’ हे एकदा मराठीत, मग बऱ्याच वेळाने ‘लेट द ब्रेथ बी’ एकदा इंग्रजीत. दोन वाक्यांच्या मध्ये निदान अर्धं मिनिट रिकामं सोड, आणि उठवताना आधी बोटं हलवायला सांग.